पहिल्या तीन सेकंदांची ओळ: छोट्या व्हिडिओसाठी हुक कसा लिहावा

रील किंवा शॉर्टची संहिता लिहायला बसलं, की बहुतेकांच्या हातून पहिली ओळ अशी उतरते: ‘नमस्कार मंडळी, स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनलवर. आज आपण पाहणार आहोत ज्वारीची भाकरी न चिरता, मऊ आणि टम्म फुगलेली कशी करायची.’ हे एकवीस शब्द झाले. गप्पा मारताना आपण सेकंदाला साधारण अडीच शब्द बोलतो, म्हणजे एवढं बोलायला आठ सेकंद लागतात. त्यात ‘भाकरी’ हा शब्द तेरावा आहे. तो कानावर पडेपर्यंत पाच सेकंद गेलेले असतात. समोरचा माणूस बोटाने पडदे सरकवत असतो. व्हिडिओ भाकरीचा आहे हे कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो.

त्याला भाकरी नको होती असं नाही, भाकरीचा विषय त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. पहिल्या ओळीचं काम एवढंच आहे: विषय, ज्याची अडचण आहे तो माणूस आणि पुढे काहीतरी मिळणार याची खूण, हे तिन्ही पहिल्या तीन सेकंदांत पोचवणं. रील करणारी मंडळी या ओळीला हुक म्हणतात. इथे भाकरीच्याच व्हिडिओवर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून बघू.

आधी ऐवज, मग हुक

संहितेची पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहावी. हुक आधी सुचला आणि मग त्याच्यामागे व्हिडिओ रचला, तर आत नसलेल्या गोष्टीचं आश्वासन देऊन बसण्याची भीती असते. म्हणून कागदावर आधी एक वाक्य लिहा: हा व्हिडिओ बघून माणूस काय घेऊन जाईल? ‘भाकरीबद्दल माहिती’ हे उत्तर चालणार नाही. त्याच्या हातून उद्या काय वेगळं होईल, ते लिहायचं.

आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होतं: जुन्या पिठाची भाकरी चिरत असेल, तर पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं. एवढाच ऐवज. फुगलेली भाकरी, तवा किती तापलेला असावा, पाणी कोणत्या बाजूला लावायचं हे सगळं खरं असलं, तरी या व्हिडिओतलं नाही. पस्तीस-चाळीस सेकंदांत एकच गोष्ट नीट मावते. आत तीन गोष्टी कोंबल्या, की पहिल्या ओळीला कोणत्या गोष्टीकडे बोट दाखवावं हे कळत नाही आणि ती ‘काही खास टिप्स’ असं गुळमुळीत बोलायला लागते. हुक जमत नसेल, तर दहातल्या सात वेळा दोष ओळीत नसतो. आतला ऐवज ठरलेला नसतो.

आता विषय थोडा समजून घेऊ, कारण चांगली पहिली ओळ विषयाच्या पोटातूनच निघते. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे तिचं पीठ ताणलं जात नाही. जो काही चिकटपणा येतो, तो गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलल्यावर आणि जोर लावून मळल्यावर येतो. पीठ जुनं झालं की हा चिकटपणा कमी होतो. घरात याला नेमका शब्द आहे: पिठाची विरी गेली. विरी गेलेलं पीठ थापायला घेतलं, की भाकरी मध्ये बरी दिसते, पण पसरायला लागली की कडेला चिरा पडतात.

यातली कोणती गोष्ट बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसते? विरी दिसत नाही, ग्लूटेन तर नाहीच. दिसते ती चिरलेली कड. परातीत भाकरी थापताना बोटांखाली फाटणारी ती कड ज्याने एकदा बघितली आहे, तो ती पुन्हा दिसली की ओळखतो. पहिल्या ओळीने बघणाऱ्याला दिसलेल्या खुणेपासून निघावं आणि आपल्याला माहीत असलेल्या कारणाकडे यावं. उलट गेलं, म्हणजे कारणापासून सुरुवात केली, तर ‘ज्वारीत ग्लूटेन नसतं’ अशी ओळ होते. ती खरी आहे, पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला ती हाक मारत नाही.

मराठी वाक्याची एक अडचण

इंग्रजीतले हुकचे साचे मराठीत उतरवले की ते बसत नाहीत, आणि याचं मुख्य कारण वाक्याची रचना आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही नंतर. म्हणजे वाक्यातली बातमी शेवटच्या शब्दात असते. लेखात हे चालतं, कारण डोळा ओळभर एकदम फिरतो. कानाला मात्र शब्द एकेक करून येतात.

एक दुसरं उदाहरण घेऊ. जमिनीच्या कागदपत्रांवरचा व्हिडिओ आहे आणि पहिली ओळ अशी: ‘सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं, म्हणजे त्या जमिनीचे तुम्ही कायदेशीर मालक झालात असं होत नाही.’ वाक्य बिनचूक आहे, पण ‘नाही’ येईपर्यंत ते अगदी उलट सांगत असतं. अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस चुकीचंच ऐकून जातो, आणि थांबलेल्यालाही थांबण्याचं कारण सहाव्या सेकंदाला मिळतं. तेच असं म्हटलं तर: ‘मालकी नुसत्या सातबाऱ्यावर ठरत नाही.’ पाच शब्द. वजनदार शब्द पहिला आहे, सातबारा दुसऱ्या सेकंदात आला आणि नकारालाही फार वाट बघावी लागली नाही. ‘नुसत्या’ मात्र काढायचा नाही. तो काढला, तर सातबाऱ्याला काहीच किंमत नाही असा अर्थ होतो आणि ते खोटं आहे. ओळ आखूड करताना अर्थाला धरून ठेवणारा शब्द कापला जातो, ही चूक कायदा, आरोग्य आणि पैशांच्या व्हिडिओंत वारंवार दिसते.

चांगली गोष्ट अशी, की मराठीत शब्दांचा क्रम लवचीक आहे आणि बोलताना तो आपण सतत फिरवतो. ‘कुठे ठेवलीस किल्ली?’, ‘झालं का जेवण?’, ‘आला एकदाचा पाऊस.’ क्रियापद पुढे आणायची ही सवय पहिल्या ओळीत वापरा. ओळ लिहून झाली, की तिच्यातला असा एक शब्द शोधा जो काढला तर ओळीत काही उरत नाही. त्याच्याखाली रेघ मारा. तो सहाव्या-सातव्या जागी असेल, तर ओळ फिरवून त्याला पहिल्या तीन शब्दांत आणता येतो का ते बघा.

दुसरी गोष्ट भाषेच्या पातळीची. ‘दळले आहे’ असं लिहून ठेवलं, की कॅमेऱ्यासमोर तोंडातूनही तसंच निघतं आणि ओळ बातमीपत्रासारखी होते. संहितेत बोलतो तसंच लिहावं: दळलंय, चिरतेय, घातलंत. आणि शब्द बघणाऱ्याच्या घरातला घ्या. विदर्भ-मराठवाड्यात आणि कितीतरी खेड्यांत ‘भाकर’ म्हणतात. तुमचे बघणारे मुख्यतः तिकडचे असतील, तर ‘भाकरी’ म्हणून ओळ पुस्तकी करू नका. संबोधन ‘तुम्ही’ ठेवलं की सगळीकडे चालतं. ‘आपण’ बोलणाऱ्यालाही त्यात घेतं, त्यामुळे ते कृती दाखवताना गोड लागतं, पण हुकमध्ये त्याने धार जाते. ‘आपल्या भाकरीची कड चिरते’ म्हटल्यावर ती नेमकी कोणाची, हे ऐकणाऱ्याच्या अंगाला लागत नाही.

दहा ओळी लिहा, नऊ खोडा

आता प्रत्यक्ष लिहायला घ्या. एकाच ऐवजासाठी किमान दहा पहिल्या ओळी लिहायच्या. पहिल्या तीन-चार सगळ्यांना सुचतात त्याच असतात, वेगळी ओळ सातव्या-आठव्या प्रयत्नाला येते. भाकरीसाठीच्या काही ओळी तपासून बघू.

‘भाकरी बनवताना तुम्हीही करता का ही चूक?’ यात चूक कोणती याची पुसटशीही खूण नाही. हीच ओळ चहा, पोळी, गाडी, कर्ज कशालाही लावता येते, आणि जी ओळ कशालाही लागते ती कोणालाच लागत नाही. शिवाय ऐकणाऱ्यावर आरोप आहे. ज्याला आपली भाकरी चांगली होते असं वाटतं, तो ‘मी नाही करत’ म्हणून निघून जातो.

‘तुम्हाला मऊ भाकरी आवडते का?’ हा हो-नाहीचा प्रश्न आहे आणि दोन्ही उत्तरांनी विषय संपतो. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे काय, ते कळलेलं नाही. मराठीत अशा प्रश्नात ‘का’ सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळे हा प्रश्न आहे हेसुद्धा उशिरा कळतं.

‘शेवटपर्यंत बघा, शेवटी एक गुपित सांगणार आहे.’ आधीच्या फसवणुकींनी लोक शहाणे झालेत. ही ओळ ऐकली, की बोट आपोआप वर जातं.

‘भाकरीच्या कडा चिरतात, तेव्हा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो.’ ही कामाची ओळ आहे. ती ओळखीची खूण दाखवते, ऐकणाऱ्याला दिलासा देते आणि अपेक्षेच्या उलट काहीतरी सांगते. पण दोन अडचणी आहेत. बातमीचा शब्द ‘पिठाचा’ आठवा आहे, म्हणजे तो तिसऱ्या सेकंदानंतर येतो. आणि विधान पूर्ण खरं नाही. हात बसलेला नसेल, पीठ कमी मळलं असेल, तरी कड चिरतेच. ज्याला हे माहीत आहे, तो प्रतिक्रियांत लगेच लिहितो आणि त्याचं बरोबरच असतं.

‘भाकरी थापताना कड चिरली, की पीठ किती दिवसांपूर्वी दळलं होतं ते आठवा.’ इथे काहीतरी सापडलं. या ओळीत कोणताही खोटा दावा नाही. ती ऐकणाऱ्याला मनातल्या मनात एक काम देते: आठवा. माणूस डब्यातल्या पिठाचा विचार करायला लागला, की तो एक-दोन सेकंद थांबलेलाच असतो. आणि एक प्रश्न आपोआप उघडतो: दळल्याचा आणि चिरण्याचा काय संबंध? पण ओळ बारा शब्दांची आहे. तिला आखूड करायचं.

‘थापताना’ काढता येतो, कारण थापणं चित्रात दिसेल. ‘भाकरी’सुद्धा काढता येते, कारण ती परातीत समोर आहे आणि तिचं नाव पडद्यावर लिहिता येईल. ‘किती दिवसांपूर्वी’ ऐवजी ‘कधी’ पुरतं. राहते ती अशी ओळ:

‘कड चिरली? पीठ कधी दळलंय, ते आठवा.’

सात शब्द, मधल्या विसाव्यासह अडीच ते तीन सेकंद. पहिल्या दोन शब्दांत अडचण सांगून झालेली आहे.

ओळी लिहून झाल्यावर त्या मनात वाचू नका, फोनमध्ये मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा आणि लांबी बघा. मनातलं वाचन नेहमी जास्त वेगाने होतं. कागदावर तीन सेकंदांची वाटलेली ओळ तोंडातून साडेचार सेकंदांची निघते, आणि मग माणूस ती घाईघाईने बोलून वेळेत बसवतो. घाईत बोललेली पहिली ओळ ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण आवाजाची आणि उच्चारांची सवय व्हायलाही त्याला क्षणभर लागतो. ओळ लांब असेल, तर शब्द कमी करा, वेग वाढवू नका.

दुसरी ओळ पहिलीचं देणं फेडते

इथे बरेच जण घसरतात. हुक चांगला असतो, आणि त्याच्या मागोमाग येतं: ‘नमस्कार, मी अमुक, तुमचं स्वागत आहे.’ बघणाऱ्याने पीठ आठवलं, आता त्याला कारण हवं आहे, आणि समोरचा ओळख करून देतोय. चौथ्या ते सातव्या सेकंदात होणारी गळती बहुतेक वेळा या नमस्काराची असते. नाव सांगायचं असेल, तर ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहा. तसंही ते खाली खात्याच्या नावात दिसतच असतं.

दुसरी चूक म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगणं: ‘हो, अनेकदा आपण भाकरी करतो आणि तिच्या कडा चिरतात, बरोबर?’ हे चार सेकंद वाया जातात.

दुसऱ्या ओळीने पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर द्यावं आणि पुढचा प्रश्न उघडावा. आपली दुसरी ओळ अशी: ‘पीठ जुनं झालं, की त्याची विरी जाते. मग गार पाण्यात कितीही मळा, कड धरत नाही.’ कारण कळलं, लपवाछपवी केली नाही. पण आता ऐकणाऱ्याच्या मनात येतं: मग घरातल्या डबाभर पिठाचं काय करू? तिसरी ओळ तिथूनच सुरू होते: ‘पण पीठ टाकून देऊ नका.’

उत्तर शेवटपर्यंत दाबून ठेवायचं, असं पुष्कळ जण शिकवतात. कृतीच्या व्हिडिओत ते चालत नाही. बघणाऱ्याला दर पाच-सहा सेकंदांनी हातात काहीतरी पडलं पाहिजे, आणि प्रत्येक वेळी पुढचा दुवा दिसला पाहिजे. पूर्ण संहिता मग अशी होते:

० ते ३ सेकंद: ‘कड चिरली? पीठ कधी दळलंय, ते आठवा.’ परातीत थापली जाणारी भाकरी अगदी जवळून, बोटांखाली कड फाटते आहे.

३ ते ९: ‘पीठ जुनं झालं, की त्याची विरी जाते. मग गार पाण्यात कितीही मळा, कड धरत नाही.’ तेच पीठ मुठीत दाबून सोडलेलं, भुगा होऊन पडतं.

९ ते १९: ‘पण पीठ टाकून देऊ नका. एक वाटी पाणी उकळा, चिमूटभर मीठ घाला, त्यात एक वाटी पीठ टाका, गॅस बंद करा, वर झाकण.’ पातेलं वरून.

१९ ते २८: ‘दहा मिनिटांनी, कोमट असतानाच, तळव्याने रगडून मळा. सगळं एकदम नको, एका भाकरीपुरता गोळा घ्या.’

२८ ते ३४: ‘आता थापा. आणि कड बघा.’ पहिल्याच कोनातून, तेवढ्याच जवळून, अखंड कड.

शेवटची चौकट पहिल्या चौकटीसारखी ठेवण्याला कारण आहे. रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते. ‘कड बघा’ नंतर लगेच ‘कड चिरली?’ कानावर पडतं, चित्र तेच आहे, फरक फक्त कडेचा. सांधा कळत नाही आणि काही जण पुन्हा बघतात. पहिली ओळ निवडताना ती शेवटच्या ओळीच्या मागे कशी ऐकू येते, हेही एकदा बोलून बघा.

ओळ एकटी नसते

पहिल्या सेकंदात तीन गोष्टी एकदम पोचतात: चित्र, आवाज आणि पडद्यावरची अक्षरं. तिघांनी एकच गोष्ट सांगितली, तर दोघांची मेहनत फुकट जाते. कामं वाटून द्या. आपल्या व्हिडिओत चित्र अडचण दाखवतं, आवाज कारणाकडे बोट करतो, आणि अक्षरं विषयाचं नाव सांगतात: ‘ज्वारीची भाकरी चिरते?’ तीनच शब्द. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही चित्र आणि या तीन शब्दांवरून काय चाललंय ते कळतं. बोललेल्या वाक्यांची सबटायटल्स वेगळी, लहान अक्षरात ठेवा. पहिले तीन सेकंद दोन्ही एकाच ठिकाणी आली, तर काहीच वाचलं जात नाही.

अक्षरं कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. उभ्या व्हिडिओत खालच्या भागात खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं असतात, आणि अगदी वर फोनची व ॲपची पट्टी असते. म्हणून पडद्याच्या मधल्या किंवा मध्याच्या थोड्या वरच्या भागात अक्षरं ठेवावीत. देवनागरीत आणखी एक काळजी: वेलांट्या, रफार आणि खालचे उकार यांना वर-खाली जागा लागते. काही सजावटी फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात किंवा ओळीवर ओळ चढते. ‘ज्वारीची’मधला ‘ज्वा’ फोनच्या पडद्यावर, हात लांब करून, एका नजरेत वाचता येतो का ते बघा.

पहिल्या चौकटीत हालचाल हवी. भाकरी आधीच चिरत असताना व्हिडिओ सुरू व्हावा. हात परातीकडे येतोय, पीठ घेतोय, मग थापतोय, एवढं दाखवायला वेळ नाही. मुखपृष्ठाचं सुंदर चित्र इथे उपयोगी पडत नाही. फीडमध्ये व्हिडिओ थेट सुरू होतो, मुखपृष्ठ दिसतं ते मुख्यतः तुमच्या खात्याच्या पानावर.

आणि एक काम संपादनाच्या वेळचं. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर माणूस श्वास घेतो आणि मग बोलतो. हा श्वास कधी अर्ध्या सेकंदाचा असतो. तीन सेकंदांतला अर्धा सेकंद! टाइमलाइनवर आवाजाची लाट मोठी करून बघा आणि पहिल्या उच्चाराच्या दोन-तीन फ्रेम आधी कापा. तीस फ्रेमच्या व्हिडिओत तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. अगदी लाटेला चिकटून कापलं, तर ‘कड’मधल्या ‘क’चा सुरुवातीचा स्फोट जातो आणि ऐकू येतं ‘अड चिरली’. पार्श्वसंगीत लावणार असाल, तर पहिले तीन सेकंद ते अगदी बारीक ठेवा. गाणं जोरात सुरू होतं तेव्हा नेमका पहिला शब्द बुडतो.

हुक चालला की नाही, हे कुठे बघायचं

व्ह्यूजचा आकडा यासाठी कामाचा नाही. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला तरी तो व्ह्यू मोजायला सुरुवात केली. म्हणजे पहिल्याच क्षणी सरकवून गेलेलाही त्यात आहे. तुम्हाला बघायचं आहे ते किती जण थांबले आणि किती जणांनी सरकवलं याचं प्रमाण. यूट्यूब स्टुडिओत शॉर्टच्या ॲनालिटिक्समध्ये ते मिळतं आणि त्याच्याच जवळ रिटेन्शनचा आलेख असतो. इन्स्टाग्रामवर रीलच्या इनसाइट्समध्येही किती जण टिकले याचा आलेख दिसतो.

आलेख कुठे घसरतो, त्यावरून दोष कोणाचा ते कळतं. पहिल्या सेकंदातच कडा कोसळल्यासारखा खाली आला, तर ओळ ऐकलीच गेलेली नाही. पहिली चौकट बदला, ओळीला हात लावू नका. एक ते तीन सेकंदांत उतार असेल, तर ओळ उशिरा मुद्द्यावर येते आहे. तिसऱ्या सेकंदापर्यंत बरा आणि मग चौथ्या ते सातव्यात पडला, तर दुसरी ओळ तपासा: नमस्कार, पुनरुक्ती, किंवा पहिलीने जे म्हटलं त्याच्याशी संबंध नसलेलं काही. त्याच्याही पुढे मोठा खड्डा असेल, तर तिथली कृती लांबलेली आहे. पहिली ओळ बदलून तो भरणार नाही. पाहिलेल्या लांबीची सरासरी शंभर टक्क्यांच्या वर गेली, तर लोक पुन्हा बघतायत, आणि शेवट-सुरुवातीचा सांधा जमला असं समजावं.

दोन ओळींची तुलना करायची असेल, तर बाकी व्हिडिओ तंतोतंत तोच ठेवा. फक्त पहिले तीन सेकंद बदला. चित्र, संगीत आणि ओळ तिन्ही एकदम बदललं, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. इन्स्टाग्रामवर ट्रायल रीलची सोय असेल, तर ती यासाठी चांगली, कारण ती आधी तुमचे फॉलोअर नसलेल्यांना दाखवली जाते. तुमचे फॉलोअर तुमचा चेहरा बघूनच थांबतात, त्यामुळे त्यांच्यावरून ओळीची परीक्षा होत नाही. पहिल्या तासाभराच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि बघणारे काही शेकड्यांत असतील तेव्हाच दोन आलेख शेजारी ठेवा. पन्नास जणांमध्ये पाच जण इकडचे तिकडे झाले, तरी आलेख दहा टक्क्यांनी हलतो.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. यूट्यूबने १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टची मर्यादा साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली, आणि आता दीड-दोन मिनिटांचे शॉर्टही पुष्कळ दिसतात. एवढ्या लांब व्हिडिओत एका हुकवर शेवटपर्यंत तरून जाता येत नाही. तिथे दर पंधरा-वीस सेकंदांनी, प्रत्येक नव्या टप्प्याच्या तोंडाशी, ‘पण पीठ टाकून देऊ नका’सारखी एक वळणाची ओळ लागते. ती लिहिण्याची पद्धत हीच: आधीच्या टप्प्यात उघडा राहिलेला प्रश्न कोणता ते बघायचं आणि त्याच्यातला वजनदार शब्द वाक्याच्या पुढे आणायचा.

ओळ चालली नाही, तर ती खोडलेल्या नऊ ओळींचा कागद काढा. तो फेकून देऊ नका. ‘दोष हाताचा नसतो’ ही ओळ आपण जास्त दावा करते म्हणून खोडली होती. पण ती थोडी सुधारून, ‘दरवेळी दोष हाताचा नसतो’ अशी, पुढच्या व्हिडिओला लागू शकेल: ताजं पीठ असूनही भाकरी चिरते, कारण पाणी पुरेसं गरम नव्हतं. त्या व्हिडिओची पहिली चौकट परातीची नसेल. पातेल्याच्या तळाशी नुसते बारीक बुडबुडे आलेत, अजून उकळी फुटलेली नाही, आणि हात पिठाच्या डब्याकडे निघालाय.